ऑफिसातला डेटाबेस, क्लाउडवरचा डॅशबोर्ड: राउटरचं पोर्ट उघडावं की गेटवे टाकावा?

कुपवाडचा_पाना: आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात ईआरपीचा डेटा ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे, एसक्यूएल सर्व्हर, पत्ता 192.168.1.10. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये रिपोर्ट केलाय, माझ्या पीसीवर झकास रिफ्रेश होतो. पब्लिश केल्यापासून मालकांच्या मोबाइलवर मात्र तेच जुने आकडे, वेबवर रिफ्रेश मारला की फेल. नेटवाला म्हणतोय स्टॅटिक आयपी घ्या, राउटरवर एसक्यूएल सर्व्हरचं 1433 पोर्ट उघडा. ते करू, की पॉवर बीआयचा गेटवे, म्हणजे ऑफिसातला डेटा क्लाउडला पोचवणारा प्रोग्रॅम, टाकू?

कृष्णाकाठ: करा की. कारण सरळ आहे, तुमचा पीसी ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे म्हणून त्याला सर्व्हर सापडतो, क्लाउडला सापडत नाही. रस्ता करून द्या, पासवर्ड भक्कम ठेवा, झालं. गेटवे म्हणजे अजून एक मशीन चोवीस तास चालू ठेवायचं, अजून एक जण बिघडणारा.

मिरज_जंक्शन: कारण बरोबर सांगितलंत, उपाय नाही पटला. 1433 नेटवर उघडं दिसलं की `sa` नावाने पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्रॅम येतातच, सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लॉगिन फेल झाल्याच्या, 18456 च्या ओळींची रांग लागते, आणि तिथे पगार, पार्टीचे रेट सगळं आहे हो. आणि कितीतरी नेटवाले एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, तशा कनेक्शनवर पोर्ट उघडूनही बाहेरचं कुणी आत पोचत नाही.

गेटवे उलटं काम करतो. तो ऑफिसातून स्वतः बाहेर मायक्रोसॉफ्टच्या रिलेला जोडून घेतो आणि ती लाइन धरून ठेवतो. क्लाउडला डेटा हवा झाला की प्रश्न त्याच लाइनवरून आत येतो, गेटवे शेजारच्या सर्व्हरला विचारतो, उत्तर परत पाठवतो. बाहेरून आत यायला दार उघडावंच लागत नाही, स्टॅटिक आयपीही नको, 443 वरून बाहेर जाता आलं की बहुतेक ठिकाणी भागतं. ज्या मशीनवर टाकणार तिथून आधी पॉवरशेलमध्ये एवढं बघा:

```
Test-NetConnection 192.168.1.10 -Port 1433
```

`TcpTestSucceeded : True` आलं नाही तर अडचण ऑफिसच्या आतच आहे, गेटवे टाकून काही फरक पडणार नाही.

अजिंक्यतारा: आमच्या साताऱ्यातल्या डेअरीत गेटवे अकाउंटंटच्या लॅपटॉपवर टाकायचं वरून ठरलं. संध्याकाळी लॅपटॉप बंद, पहाटेचा रिफ्रेश फेल, लागोपाठ चार वेळा फेल झाला की शेड्यूलच बंद पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही, संकलनाचे आकडे शिळेच. शेवटी यूपीएसवरच्या मशीनवर हलवला. आता एक विचारतो, माझी एक एक्सेल वनड्राइव्हवर आहे, तिलाही गेटवे लागेल ना?

मिरज_जंक्शन: नाही, ती आधीच क्लाउडवर आहे. फक्त वनड्राइव्हच्या वेब पत्त्याने जोडा, `C:\` वाला पाथ दिला तर क्लाउड तो तुमच्या मशीनवर शोधणार आणि परत गेटवे मागणार.

कृष्णाकाठ: म्हणजे माझाच मुद्दा आला, मशीन झोपलं की सगळं झोपलं. आणि डेटाबेसचं लॉगिन क्लाउडमध्ये ठेवताय त्याचं काय? त्यापेक्षा अख्खा डेटाबेसच क्लाउडवर न्या, भानगड मिटली.

मिरज_जंक्शन: लॉगिन एन्क्रिप्ट करून ठेवतात, ते गेटवेच उलगडतो. तरी ईआरपीचं मुख्य लॉगिन देऊच नका, फक्त वाचायचा हक्क असलेलं वेगळं करा, `db_datareader`. गेटवे टाकताना रिकव्हरी की विचारतो ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, मशीन गेलं तर तिच्याशिवाय गेटवे दुसरीकडे उभा होत नाही. डेटाबेस हलवायचं म्हणाल तर शॉपफ्लोअरवर चलन काढणाऱ्या माणसाला प्रत्येक एंट्रीला नेटची वाट बघायला लावायची का? नेट गेलं तर गाडी गेटवर उभी. मालकांच्या मोबाइलसाठी एवढं नको. मशीन चालू ठेवावं लागतं हे मात्र खरंय.

कुपवाडचा_पाना: टेस्ट `True` आली, गेटवे सर्व्हरशेजारच्या पीसीवर टाकला, ऑनलाइन दाखवतोय. पण रिपोर्टच्या सेटिंगमध्ये तो निवडताच येत नाही. रिपोर्टमध्ये सर्व्हर `ERPSRV` आहे, गेटवेत मी आयपी दिलाय.

मिरज_जंक्शन: तिथंच घोडं पेंड खातंय. मशीन एकच असलं तरी पॉवर बीआयच्या लेखी ते दोन वेगळे सर्व्हर. दोन्हीकडे `ERPSRV` करा आणि डेटाबेसचं नावही तेच ठेवा.

कुपवाडचा_पाना: झालं, रिफ्रेश पूर्ण! आता दोन अडचणी. मालकांना मिनिटामिनिटाला ताजं हवंय आणि आमच्या प्रो लायसन्सवर दिवसाला आठच शेड्यूल रिफ्रेश मिळतात. शिवाय ईआरपीवाले वेगळं लॉगिन द्यायला नाही म्हणतायत.

कृष्णाकाठ: मग डायरेक्टक्वेरी लावा, ती थेट डेटाबेसला विचारते.

मिरज_जंक्शन: लावता येईल, गेटवेतूनच जाते. पण मग रिपोर्टवरच्या प्रत्येक क्लिकला ईआरपीच्या सर्व्हरवर ताण, भर शिफ्टमध्ये मी ते करणार नाही. लॉगिनचं मात्र मालकांनाच ईआरपीवाल्यांशी बोलू द्या, डेटा तुमचा आहे.