टॅग हातात आणि लोकेशन भलतीकडेच! तुमचं काय निघालं शेवटी?

ओसरीवरची_मनी

चावी, पर्स, बॅगेला लावायचे ते ब्लूटूथ टॅग वापरणाऱ्यांनी इथे आपापले अनुभव लिहा. लोकेशन दिसेनासं झालं तेव्हा शेवटी नेमकं काय निघालं तेवढं सांगा, "रिस्टार्ट करून बघा" टाइप सल्ले नकोत. सुरुवात मी करते.

दादा-वहिनी मस्कतला असतात. मागच्या दिवाळीत त्यांनी चार एअरटॅगचं पाकीट आणलं आणि एक आईच्या पर्सला लावून गेले, कारण आईची पर्स देवळात, बँकेत, भाजीवालीकडे कुठेही राहते. आई अधूनमधून म्हणायची पर्समधून चिमणी बोलते गं, आम्ही हसण्यावारी नेलं. मग चिमणी बंद झाली तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. गेल्या महिन्यात पर्स खरंच सापडेना म्हणून दादाला फोन लावला, त्याने फोनवर बघितलं आणि म्हणतो आई तुझी पर्स मस्कतला आहे, आमच्या हॉलमध्ये!! पर्स निघाली इथे नाशकात, स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला, टॉवेलखाली.

टॅगची स्टीलची बाजू दोन अंगठ्यांनी दाबून डावीकडे फिरवली की झाकण निघतं. सेल बदलला, झाकण लावलं, आवाजच नाही. सेल कोरा होता, त्याच दिवशी मेडिकलमधून आणलेला. दोन दिवस टॅगच गेला समजून बसले. मग पाकिटावर बारीक अक्षरात दिसलं की लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलला कडू लेप आहे. असे लेपवाले सेल या टॅगमध्ये कधीकधी चालत नाहीत, आतल्या पिना नेमक्या लेपावर टेकतात. घड्याळवाल्याकडून बिनलेपाचा आणला, अधिकची बाजू वर ठेवून बसवला आणि लगेच टुणकन वाजला.

आता म्हटलं माझ्याच आयफोनला जोडून टाकू, तर म्हणे दुसऱ्या अकाउंटला जोडलेला आहे. दादा म्हणतो माझ्या यादीत "आईची पर्स" आहे पण ती मस्कतला दिसते, वहिनी म्हणते माझ्याकडे फक्त गाडीच्या चावीचा आहे. मग टॅगची पांढरी बाजू फोनच्या वरच्या कडेला टेकवली, एक पान उघडलं, त्यात सिरियल नंबर आणि मालकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. आकडे वहिनीचे! म्हणजे जोडतानाच दोन टॅगांची अदलाबदल झालेली. वहिनीच्या फोनमध्ये "गाडीची चावी" एकोणीस दिवसांपूर्वी नाशिकला दिसत होती आणि चावी रोज हातात असल्यामुळे तिने ते कधी उघडून बघितलंच नव्हतं.

तिने तिकडून Remove Item केलं तरी माझ्याकडे जोडला जाईना. ते पुढे लिहिते, आधी तुमचे येऊ देत.

घाटकोपर_स्लो

सेल संपला की लोकेशन जातं एवढंच ना? टॅगमध्ये जीपीएस असतं, त्याला बॅटरी लागतेच. उघड्यावर ठेवला की सॅटेलाइट मिळतो, पर्समध्ये नाही मिळत. माझा मी खिडकीत ठेवतो, बरोबर दाखवतो.

मिरजेचा_सोल्डर

सेलचं बरोबर, बाकीचं नाही. या टॅगात जीपीएस नसतं, सिमही नसतं. तो फक्त ब्लूटूथवर हाका मारत बसतो. जवळून जाणाऱ्या कुणाच्यातरी फोनने हाक ऐकली की तो फोन स्वतःचं लोकेशन चिकटवून पाठवतो. म्हणजे नकाशावरचा ठिपका हा ऐकणाऱ्या फोनचा असतो, टॅगचा नाही. तुमच्या खिडकीखालून दिवसभर माणसं जातात म्हणून बरोबर दाखवतो, सॅटेलाइटचा काही संबंध नाही.

म्हणून ठिपक्याच्या आधी त्याखालची वेळ वाचा. "आत्ता" लिहिलंय आणि जागा चुकीची, तर मनीताईंसारखं बघा की तुम्ही भलताच टॅग तर बघत नाही ना. वेळ जुनी आहे तर टॅग मुका झालाय किंवा आसपास ऐकणारं कुणी नाही. मुका झालाय का ते ओळखायला सेल काढून परत घाला, वाजला तर जिवंत.

मनीताई, ती चिमणी म्हणजे टॅगच होता. मालकाचा फोन बराच काळ जवळ नसला की हलवल्यावर तो स्वतःहून वाजतो, चोरून कुणाच्या मागावर ठेवलेला असेल तर कळावं म्हणून. मालकीण मस्कतला, टॅग नाशकात, वाजणारच. बंद झाला त्या दिवशी सेल संपला असणार.

ओसरीवरची_मनी

अगं बाई. आईला सांगते, ती तेव्हापासून खिडकीत दाणे टाकतेय.

तळेगावची_सून

मी पण हाच घोळ घातला पण सेलचा. मिस्टरांनी मल्टीमीटर लावला, २.९ व्होल्ट आले, म्हणाले सेल ठणठणीत आहे, टॅगच खराब. दुसरा टॅग मागवायच्या बेतात होतो. मग सासऱ्यांच्या वजनकाट्यातला सेल काढून घातला तर चालू! (वजनकाटा अजून बंद आहे, सासऱ्यांना वाटतंय तोच बिघडला.) २.९ असूनही का नाही चाललं पण?

मिरजेचा_सोल्डर

कारण मीटर सेलकडून काही कामच करून घेत नाही. या टॅगातला CR2032 सेल नवा असताना ३.२-३.३ दाखवतो, मग बराच काळ ३ च्या आसपास रेंगाळतो आणि अगदी शेवटी कोसळतो. संपत आलेल्या सेलचा आतला अडथळा वाढलेला असतो. नुसता मोजलात तर २.९, पण टॅगने हाक मारायला किंवा वाजायला करंट ओढला की क्षणभर दाणकन खाली येतो आणि टॅग बंद पडतो. थंडीत तर जास्तच. मी शंभर ओहमचा रेझिस्टन्स दोन सेकंद लावून मोजतो, चांगला असेल तर थोडा उतरून थांबतो, मेलेला असेल तर काटा बघता बघता खाली घसरतो. रेझिस्टन्स नसेल तर घड्याळवाल्याकडचा नवा सेल घालून बघणं हाच मीटर.

आणि CR2025 घालू नका, व्होल्टेज तेच पण तो २.५ मिमी जाड, हा ३.२, हलला की संपर्क तुटतो. माझ्याकडे आलेल्या एकाने कागदाची घडी घालून बसवला होता.

कोकणकडा_७७

लेपवाला सेल मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वापरलाय, चालतो.

तळेगावची_सून

घरात लहान मूल असेल तर तो लेप पुसूच नका बाई. कडू लागल्यावर निदान थुंकेल तरी. सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, सरळ दवाखाना गाठायचा, घरी उलटी बिलटी काढत बसायचं नाही.

कोकणकडा_७७

मान्य. पण मग असे सेल दुकानात जास्त यायला लागले तर टॅगवाल्यांनी करायचं काय, हे मला कुणी सांगत नाही.

पार्सल_आलं_का

माझा प्रश्न, एअरटॅग माझ्या अँड्रॉइडच्या ब्लूटूथ लिस्टमध्ये दिसतच नाही, तीनदा स्कॅन केलं. सेल नवीन आहे. पीस खराब आहे का? रिटर्न टाकू?

मिरजेचा_सोल्डर

खराब नाही. एअरटॅग जोडायला आयफोन किंवा आयपॅडच लागतो, अँड्रॉइडवर तो सेटअप होतच नाही. आणि आयफोनवालेसुद्धा ब्लूटूथच्या यादीत शोधत बसतात, तिथे हेडफोन येतात, टॅग नाही, तो Find My मधून जोडायचा. तुम्हाला गूगलच्या Find Hub वर चालणारा टॅग हवा, खोक्यावर लिहिलेलं असतं. हा रिटर्न करा.

विदर्भ_एक्सप्रेस

माझं प्रकरण अँड्रॉइडचंच आहे पण सेलही नाही आणि अकाउंटही नाही. लॅपटॉपच्या बॅगेला एका कंपनीचा टॅग आहे, त्यांचं स्वतःचं अ‍ॅप. सहा-सात महिने अ‍ॅप उघडलंच नव्हतं, गरजच पडली नाही. एक दिवस उघडलं तर टॅग "रेंजच्या बाहेर" आणि बॅग मांडीवर! टॅगचं बटण दाबलं की टॅग टिंग वाजतो, म्हणजे सेल आहे. बायकोच्या फोनवर ते अ‍ॅप टाकून माझ्या अकाउंटने लॉगिन केलं तर तिथे लगेच दिसला. म्हणजे टॅग बोलतोय आणि माझाच फोन बहिरा झालाय.

अ‍ॅपच्या परमिशनमध्ये गेलो तर Location आणि Nearby devices दोन्ही बंद. शपथ घेऊन सांगतो मी बंद केलं नव्हतं. अँड्रॉइड काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परमिशन स्वतःहून काढून घेतो. अ‍ॅपची माहिती उघडली की खाली Pause app activity if unused असा खटका असतो, फोनप्रमाणे शब्द थोडे वेगळे, तो बंद करायचा. टॅगचं अ‍ॅप म्हणजे मुळात जे उघडावंच लागू नये असं अ‍ॅप, आणि त्यालाच ही शिक्षा. मग Nearby devices चालू केलं, Location ला Allow all the time दिलं. While using the app ठेवलं तर अ‍ॅप समोर उघडं असतानाच दिसतो, खिशात फोन असताना बॅग कुठे राहिली ते नोंदवत नाही. बॅटरी सेव्हरमधूनही अ‍ॅपला सूट दिली, नाहीतर रात्रीतून परत झोपवतो.

घाटकोपर_स्लो

म्हणजे मी परमिशन बरोबर दिल्या की गावाला पण दिसेल? आमच्या गावी (चिपळूणच्या पुढे) गाडीला लावलेला Find Hub वाला टॅग चार-चार दिवस तोच ठिपका दाखवतो, मुंबईत आला की लगेच हलतो. सेल नवा.

मिरजेचा_सोल्डर

तुमच्या परमिशनने नाही होणार. त्या नेटवर्कमध्ये मुळातलं सेटिंग With network in high-traffic areas only असं असतं, म्हणजे एका जागी बऱ्याच फोननी टॅग ऐकला तरच ठिपका हलतो, एकट्यादुकट्या फोनचं ऐकून नाही. कुणाच्या घरातला एकटा टॅग उघडा पडू नये म्हणून तसं ठेवलंय. With network in all areas केलं की एकटा फोनही चालतो, पण ते आसपासच्या माणसांनी त्यांच्या फोनमध्ये केलेलं हवं, तुमच्या नाही. अख्ख्या वाडीला कोण सांगणार.

घाटकोपर_स्लो

भावकीच्या ग्रुपवर टाकलंय. दोघांनी "हे काय आहे" विचारलंय, एकाने गुड मॉर्निंग पाठवलंय.

ओसरीवरची_मनी

हं, राहिलेलं लिहिते. वहिनीने तिकडून काढला तेव्हा टॅग तिच्या फोनजवळ नव्हता, त्यामुळे अकाउंटमधून सुटला पण टॅगला स्वतःला ते कळलंच नाही. जवळ असताना काढला असता तर एवढ्यावर भागलं असतं. दूर असेल तर टॅग हाताने रिसेट करावा लागतो. सेल काढायचा, परत घालून आवाज येईपर्यंत दाबून धरायचा, असं एकूण पाच वेळा. पाचव्यांदा आवाज वेगळा येतो, तो आला की झालं. माझा तिसऱ्यांदा मोजताना घोळ झाला (दारावर दूधवाला), परत पहिल्यापासून केलं. आणि नुसत्या रिसेटने मालकी जात नाही हं, आधीच्या मालकाने काढलेला असायलाच हवा, मी वहिनीने काढायच्या आधीपण पाचदा करून बघितलं होतं, परत तोच मेसेज.

आता माझ्या अकाउंटला आहे आणि दादाला शेअर केलाय, म्हणजे त्यालाही दिसतो आणि मला मस्कतला फोन लावावा लागत नाही.

जुना_बाजार_पुणे

हेच विचारायचं होतं. मी एकाकडून दोन टॅग सेकंडहँड घेतले, त्याने काढले म्हणतो, एक जोडला गेला, दुसरा नाही. दुसऱ्याचं पाच वेळा केलंय. माणूस आता फोन उचलत नाही.

मिरजेचा_सोल्डर

मग त्याने एकच काढलाय. फोनला टेकवून शेवटचे चार आकडे बघा, त्याच माणसाचे आहेत का.

जुना_बाजार_पुणे

नाहीत. तिसऱ्याच कुणाचेतरी आहेत.