आभाळातला विठोबा आणि बार्शीची आत्या : वडीलधाऱ्यांशी तुम्ही कसं बोललात?

गेल्या आषाढीच्या दोन दिवस आधी मी बार्शीला आत्याकडे होते. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वारी बंद झाली, आणि ती सल तिच्या मनात कायम असते. सकाळी चहाच्या वेळी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. चंद्रभागेचं वाळवंट, पाठमोरे वारकरी, आणि वर ढगांतून साकारलेला अवाढव्य विठोबा, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. खाली मजकूर होता : ‘काल पंढरीत साक्षात दर्शन. अकरा जणांना पाठवा.’ आत्याने अकरा जणांना पाठवून झालं होतं. डोळ्यांत पाणी होतं. ‘मला जाता येत नाही म्हणून तोच वर आला बघ,’ म्हणाली.

त्या क्षणी ‘अगं हे खोटं आहे’ असं म्हटलं असतं, तर ते चित्रापेक्षा तिच्या न झालेल्या वारीलाच लागलं असतं. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ‘आत्या, मोठं करून बघू या ना.’

दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आधी पताका आल्या. एका पताकेवर काहीतरी लिहिलेलं होतं. आत्याला वाचायची भारी सवय, तिने चष्मा सारखा केला. शिरोरेषा होती, काना-मात्रांसारखं काहीतरी होतं, पण एकही शब्द लागेना. ‘कानडी आहे का गं?’ तिने विचारलं. कानडीही नव्हती. मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई दिसली. तिचा हात वृंदावनाकडे वर गेला होता, पण तिथवर पोचायच्या आधीच पदरात विरघळला होता. मी काहीच बोलले नाही. आत्या चित्र वर सरकवत विठोबापाशी गेली आणि थांबली.

‘अगं, पण ह्याचा हात वर कसा? आमचा विठोबा कमरेवर हात ठेवूनच उभा असतो. डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ. अठ्ठावीस युगं तसाच उभा आहे तो.’

हे मला सुचलं नव्हतं. रोज ध्यानाचा अभंग म्हणणाऱ्या बाईला ते दिसलं. मग मी सांगितलं की हे बहुधा कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र असावं. त्याने देवांची असंख्य चित्रं पाहिलेली असतात, त्यावरून तो अंदाजाने नवीन रंगवतो. आशीर्वाद देणारे देव त्याने पुष्कळ पाहिले असणार, म्हणून याचाही हात वर गेला असेल.

‘म्हणजे खोटं?’ तिने विचारलं.

तिच्या देवघरात सासूबाईंच्या वेळची लक्ष्मीची तसबीर आहे, रवि वर्म्याच्या छापखान्यातल्या चित्रांच्या धाटणीची. मी विचारलं, ‘ही लक्ष्मी खोटी आहे का?’ ती म्हणाली, ‘खोटी कशी? चित्र आहे ते.’ म्हटलं, ‘हेही चित्रच. चित्र म्हणून त्यात काही खोटं नाही. काल पंढरीत काढलेला फोटो म्हणून जे खाली लिहिलंय ना, तेवढंच खोटं.’

ते तिला पटलं. चित्र तिने पुसलं नाही, आणि मीही पुसायला सांगितलं नाही. तुमच्या घरी असं झालं असेल तर सविस्तर लिहा. कोणतं वाक्य उपयोगी पडलं आणि कोणत्या वाक्याने बिनसलं, हे कळलं तर फार बरं होईल.

पुणेकर_अभियंता

सोपी युक्ती सांगतो. बोटं मोजा. सहा बोटं दिसली की चित्र बनावट. माझ्या आजोबांना मी एवढंच शिकवलंय आणि आता ते स्वतःच बोटं मोजतात. एका गणपतीला एका हाताला सात बोटं होती, ती त्यांनीच मला दाखवली. चर्चा, समजावणं, कशाचीच गरज पडली नाही.

जुना फोटो डेस्क

मी एका दैनिकात छायाचित्रं निवडायच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. बोटांची खूण दोन-तीन वर्षांपूर्वी चांगली होती. आता नवीन साधनं पाचच बोटं काढतात. आजोबांच्या मनात ‘बोटं बरोबर म्हणजे फोटो खरा’ असं बसलं, तर पुढचं चित्र त्यांना जास्त सहज फसवेल. पताकेवरच्या अक्षरांचंही तेच होणार. चूक सापडली तर संशयाला जागा आहे. नाही सापडली, तर काहीच सिद्ध होत नाही.

गूगल लेन्सवर चित्र टाकून बघावं. तेच चित्र आधी कुठे, कोणत्या मजकुरासह आलं होतं हे कधी कधी सापडतं. एकच ढग एका ठिकाणी पंढरपूरचा आणि दुसरीकडे तिरुपतीचा म्हणून फिरत असेल, तर दोन्ही मजकूर एकदम खरे असू शकत नाहीत. पण लेन्सला काही सापडलं नाही म्हणून चित्र बनावट ठरत नाही आणि खरंही ठरत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने नोंदवलेली मूळ वेळ-जागाही सहसा उरत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊन वेळ घालवू नका.

मी माझ्या आईला एकच प्रश्न विचारायला शिकवलं : हे आणखी कुणी काढलं? आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं असतात आणि निम्म्यांच्या हातात फोन असतो. आभाळात खरोखर असं काही दिसलं असतं, तर वाळवंटातून, घाटावरून, मठाच्या गच्चीवरून, वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो आले असते. कुणाचा तिरपा, कुणाचा हललेला, कुणाच्या फोटोत समोरच्याचं डोकं आडवं. एकाच कोनातला एकच देखणा फोटो, तोही काढणाऱ्याच्या नावाशिवाय, अशी मोठी घटना मी तरी पाहिलेली नाही. आईला हा प्रश्न लगेच समजला. गावात काही घडलं की चार बायका चार तऱ्हांनी सांगतात, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

माहेरची_वाट

१९९५ साली गणपती दूध प्यायला तेव्हा तर फोटोसुद्धा नव्हता! माझ्या सासूबाईंनी स्वतः चमच्याने पाजलं, दादरच्या देवळात दोन तास रांग लावून. तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर? त्यांना कोण समजावणार, आणि का समजवायचं? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

धागाकर्ती

ताई, तुमच्या सासूबाईंचं मला वेगळं वाटतं. चमच्यातलं दूध कमी झालं हे त्यांनी खरंच पाहिलं. पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जाऊन पातळ थराने खाली ओघळतं, हे तेव्हा शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं होतं. म्हणजे पाहणं खरं, कारण वेगळं. आत्याच्या चित्रात मुळात कुणी काही पाहिलेलंच नाही. सासूबाईंना ‘तुम्ही पाहिलं ते खरंच’ असं म्हणून पुढे बोलता येतं. आत्याशी बोलायची सुरुवात निराळी करावी लागली.

माहेरची_वाट

रंगीत दुधाचं मला माहीत नव्हतं. पण त्यांना मी हे सांगणार नाही. नव्वदीच्या आहेत.

केदारचा भाचा

माझी चूक लिहितो. मामांनी मला केदारनाथच्या देवळामागच्या प्रचंड शिळेचा फोटो पाठवला होता. ‘२०१३ च्या पुरात हिने देऊळ वाचवलं’ असं खाली लिहिलेलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यांनी दोन बनावट चित्रं पाठवली होती, म्हणून मी न बघताच ‘मामा, हेही एआयचं’ असं उत्तर दिलं. मामा स्वतः २०१६ ला तिथे जाऊन आले होते. भीमशिला म्हणतात तिला. जून २०१३ मध्ये ती वरून वाहत येऊन देवळाच्या मागेच अडकली आणि पाण्याचा लोंढा दोन्ही बाजूंना फाकला. सगळं खरं. त्यांनी शिळेला हात लावून काढलेला स्वतःचा फोटो मला पाठवला. सोबत एक शब्दही नाही.

त्यानंतर मी खऱ्याखुऱ्या बनावट चित्राबद्दल काही म्हटलं, तरी ते ‘तुला शिळापण खोटी वाटली होती’ म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून आता मी आधी ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि खरंच बघतो. खरं निघालं तर तेही आवर्जून कळवतो. शिळा तिथे येणं हा चमत्कार की योगायोग, यावर मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फोटो खरा आहे का, एवढंच मला तपासता येतं.

न्यूजर्सीहून

आई सांगलीला, आम्ही इकडे. आमच्या साठ जणांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तिने डोळे उघडलेल्या देवीचं चित्र टाकलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पडताळणीची लिंक डकवली. माहिती बरोबर होती. पण त्या दिवसापासून आईने ग्रुपवर काही टाकणंच बंद केलं. नातवंडांचे फोटो नाहीत, संक्रांतीच्या शुभेच्छा नाहीत. दीड महिन्याने बहिणीकडून कळलं की ‘माझ्यामुळे पोरांची मान खाली जाते’ असं ती म्हणाली होती.

मी व्हिडिओ कॉल करून तिची माफी मागितली. लिंकबद्दल नाही, चारचौघांत टाकल्याबद्दल. मग आमचं ठरलं की काही पुढे पाठवण्याआधी ती मला एकटीला पाठवेल, आणि मी काही म्हणायच्या आधी तिला काय वाटतं ते विचारेन. चित्रावर दोन बाणांची खूण असली की ते निदान पाच हात फिरून आलंय, हे आता तीच मला सांगते. मूळ कुणी पाठवलं हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, हे त्या बाणांमुळे तिला पटलं.

धागाकर्ती

हे वाचून मी आत्याला फोन केला. ज्या अकरा जणांना तिने चित्र पाठवलं होतं, त्यांचं काय करायचं हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. तिने आधीच केलं होतं. सगळ्यांना एकच ओळ : ‘चित्र सुंदर आहे, पण विठोबाचे हात कमरेवर नाहीत, नीट बघा.’ चौघींची उत्तरं आली. एक जण अजून रागावलेली आहे.

रात्रपाळी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. बाबा आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत. कुणीतरी पाठवलेलं दत्ताचं तेजोवलय असलेलं चित्र ते रोज पहाटे उघडून बघतात. औदुंबरच्या घाटावर प्रकटले, असं खाली लिहिलंय. ते बनावट आहे, औदुंबरचा घाट मी पाहिलेला आहे, तो असा नाही. सांगू का?

जुना फोटो डेस्क

त्यासोबत पैसे मागितलेत का? क्यूआर कोड, देणगी, औषध, काहीही? असेल तर आजच सांगा. नसेल तर मी तरी सांगणार नाही.

न्यूजर्सीहून

मला हे पटत नाही. आजारी माणसाला खरं कळायचा हक्क नसतो का? धागाकर्तीने म्हटलं तसं, चित्र म्हणून ठेवा, फोटो म्हणून नको, एवढं तरी हळू सांगता येईल.

रात्रपाळी

पैसे कुणी मागितलेले नाहीत. दोघांचंही वाचलं. बाबांनी विचारलं तर खरं ते सांगेन, एवढंच मनाशी धरलंय. आज पहाटे त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जरा मोठं करून दे. मी मोठं करून दिलं.