वजाबाकीत ३६०-३६५ विसरू नका

«डॉलरच्या ५ टक्के व्याजातून पौंडाचे ४ टक्के वजा केले की पौंडावर वर्षाला १ टक्का प्रीमियम, मग बाजारातला फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आज ठरणारा दर, जुळत का नाही?»

दिशा बरोबर आहे, कमी व्याजाचा पौंडच प्रीमियमवर जाणार. पण डॉलरचं व्याज ३६० दिवसांच्या वर्षावर मोजतात, पौंडाचं ३६५ च्या. स्पॉट, म्हणजे आजचा दर, पौंडाला १.२५०० डॉलर, मुदत ९० दिवस धरू. डॉलरचा गुणक १ + ०.०५ × ९०/३६० = १.०१२५००, पौंडाचा १ + ०.०४ × ९०/३६५ = १.००९८६३. पहिल्याला दुसऱ्याने भागून स्पॉटने गुणा: फॉरवर्ड १.२५३२६. म्हणजे प्रीमियम ०.२६१ टक्के, वर्षाला (३६० दिवसांच्या) सुमारे १.०४.

दोन्हीकडे ३६० धरलंत तर १.२५३०९ येतं. फरक दोन पिप्सहूनही, म्हणजे ०.०००२ हूनही कमी, पण एक कोटी पौंडांवर तो साधारण १,७०० डॉलर होतो, आणि लोक त्यालाच आर्बिट्राज, म्हणजे बिनजोखमीचा नफा, समजून बसतात! दिवस नीट मोजूनही फरक उरला तर आधी दर तपासा: एका बाजूला ठेवीचा आणि दुसऱ्या बाजूला कर्जाचा दर तर घेतला नाही ना? त्यानंतरही उरतो तो बहुधा क्रॉस-करन्सी बेसिस, म्हणजे फॉरवर्डमधून निघणारं व्याज आणि थेट बाजारातलं व्याज यांतला फरक. २००८ नंतर तो शून्याला चिकटून राहिलेला नाही, कारण बँकांना ताळेबंद वापरायला पैसे पडतात.