मदत हवी आहे: 7 वर्षांचं रिलेशन घरी सांगायचंय, रविवारी स्थळ येतंय

गवती_चहा
अर्जंट आहे म्हणून सरळ लिहिते. आमचं 7 वर्षं चालू आहे, घरी कुणाला काही माहीत नाही. येत्या रविवारी मुलाकडचे बघायला येतायत, आईने परस्पर हो सांगून टाकलंय. आता सांगावंच लागणार. आधी आईला सांगू का बाबांना? फोनवर का घरी जाऊन? कृपया "प्रेम केलंत तर निभवा" टाईप उपदेश नकोत, ते सगळं माहितेय.

निवांत_काका
घरी जाऊन, समोर बसून. फोनवर असल्या गोष्टी सांगत नाहीत. आणि मामाला मध्ये घाला, मामाचा शब्द आई मोडत नाही. आमच्याकडे तसंच झालं होतं.

अर्धी_भाकरी
वय काय? राहता कुठे? मुलगा काय करतो? जात एकच आहे का? निम्मी गोष्ट खिशात ठेवून सल्ला मागता राव.

पोह्यांवर_शेव
रविवारी पोहे करताय का कांदाभजी? आमच्याकडे मुलगी बघायला गेलो तर सगळीकडे उप्पीटच मिळालं, मी शेवटी वैतागून लग्नाला हो म्हणालो 😄

गवती_चहा
वय 28, पुण्यात नोकरी, फ्लॅटमेटसोबत राहते. घर सांगलीजवळ. तो 30, लातूरकडचा, पुण्यातच आहे. दोघं हिंदू, जात वेगळी, आणि आमच्या घरात तो मुद्दा फार मोठा आहे म्हणून तर 7 वर्षं गेली.

कोर्टाबाहेरचा
मग टेन्शन कसलं, कोर्ट मॅरेज करून टाका, एका दिवसात होतं. फक्त आईवडिलांची सही लागते, ती कशी तरी मॅनेज करा.

रजिस्टर_वही
वरच्या प्रतिसादातलं काहीही धरू नका. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण असेल तर आईवडिलांची सही कुठेच लागत नाही, 3 साक्षीदार लागतात. आणि विशेष विवाह कायद्याने करायचं तर एका दिवसात होत नाही, आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. दोघं हिंदू असाल तर विधी करून मग नोंदणी करता येते, तिथे ही नोटीस नसते. काही केलंयत का अजून?

गवती_चहा
हो, ते लिहायचं राहिलं. नोटीस दिलीय पुण्यात, 9 दिवस झाले. त्याला विधी नको होते. पण ते घरी सांगण्याशी कसं जोडलेलं आहे?

रजिस्टर_वही
फारच जोडलेलं आहे हो! मी अशा अर्जांच्या कामात बरीच वर्षं आहे. नोटीस ऑफिसच्या बोर्डावर लागते हे तुम्हाला सांगितलं असेल. पण तुमचा कायमचा पत्ता सांगलीचा असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही पाठवली जाते आणि तिथल्या बोर्डावर लागते. कायद्यातच तसं आहे. कधी लवकर जाते, कधी रेंगाळते, पण "नाहीच जाणार" असं धरून बसू नका. अर्जावर कायमचा पत्ता कोणता टाकलाय?

गवती_चहा
गावचाच, आधारवर तोच आहे. बापरे. आमचे एक चुलतकाका तिथल्याच आवारात स्टॅम्प व्हेंडर आहेत, रोज तिथेच बसतात.

अर्धी_भाकरी
झालं. म्हणजे प्रश्न रविवारचा नाहीच. काकांनी बोर्ड वाचायच्या आत सांगायचंय.

कोर्टाबाहेरचा
मग नोटीस मागे घ्या ना.

रजिस्टर_वही
कशाला? घरच्यांना पसंत नाही हे हरकतीचं कारण होत नाही. पहिलं लग्न अस्तित्वात आहे, वय कमी आहे, नातं निषिद्ध आहे अशीच मोजकी कारणं चालतात. आणि 30 दिवस झाले की त्याच दिवशी लग्न करायला हवं असंही नाही, नोटीस दिल्यापासून 3 महिन्यांच्या आत करायचं. म्हणजे आज सांगितलंत तरी घरच्यांना विचार करायला वेळ देता येतो. हे त्यांनाही सांगा, नाहीतर त्यांना वाटेल सगळं ठरवून शेवटच्या दिवशी फक्त कळवलं.

दुपारची_झोप
मी 4 वर्षं लपवलं होतं. सांगताना घाबरून "1 वर्ष झालं" असं सांगितलं. पुढे आत्तेभावाने जुना ग्रुप फोटो काढला, त्यात तो माझ्या शेजारी, मागे 3 वर्षांपूर्वीच्या गणपतीचं डेकोरेशन. बाबा जातीवरून जेवढे चिडले नव्हते तेवढे त्या फोटोवरून. खरा आकडा पहिल्याच वाक्यात सांगा. आई लगेच मागे मोजत जाईल, त्या दिवाळीला तू ऑफिस आहे म्हणालीस ते काय होतं, वगैरे. दोनचार थापा तरी स्वतःहून कबूल करा. आणि काका, मामाला मध्ये घालू नका, बाबांना वाटतं अख्ख्या खानदानाला आपल्याआधी माहीत होतं.

निवांत_काका
आमच्या वेळी मामा नसता तर माझ्या बहिणीचं लग्नच झालं नसतं. तुम्हा लोकांना मोठ्यांची अडचण होते.

दुपारची_झोप
काका, तुमच्या बहिणीच्या वेळी वडिलांना आधीपासून माहीत होतं का? मग मामाने फक्त मनवलं. इथे पहिल्यांदा कळणार आहे.

रात्रपाळी
कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. तुमच्या घरात याआधी असं प्रकरण झालंय का? तेव्हा त्या मुलीचं काय झालं?

गवती_चहा
चुलत बहिणीचं झालं होतं. दादाने फोन काढून घेतला, 2 महिने घराबाहेर सोडलं नाही, मग दुसरीकडे लग्न. माझे बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण थांबवलंही नाही.

रात्रपाळी
मग काकांचं ऐकून गावी जाऊ नका. रविवारी तर नाहीच. पुण्यातून सांगा, फ्लॅटमेट घरात असताना. आधार, पासपोर्ट, मार्कशीट यातलं काही गावी असेल तर ते सांगायच्या आधी हातात घ्या. फक्त आरडाओरड झाली तर सहन करता येईल, पण कोंडलं तर 30 दिवसांनी सही करायला पोचणार कशा? आणि जिवाची भीती वाटली तर आधी पोलिसांना लेखी द्या. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात खास कक्ष करायला सांगितलंय.

निवांत_काका
बापाला फोनवर सांगणार? उद्या ते बघायला तरी येतील का?

रात्रपाळी
आले तर पुण्यात येतील. हॉटेलात भेटतील, चहा पितील. ते चालेल.

पन्नाशीतला
माझ्या मुलीने मला फोनवरच सांगितलं. राग आला, मी फोन ठेवला, 3 दिवस बोललो नाही. समोर असती तर काय बोललो असतो ते आठवलं की फोनवर सांगितलं ते बरंच केलं असं वाटतं. एक गोष्ट मात्र खटकली, तिने आधी बायकोला सांगितलं आणि बायकोने 2 महिने दाबून ठेवलं. दोघांना एकाच दिवशी सांगा.

गवती_चहा
अपडेट देते. काल रात्री आधी आईला, लगेच अर्ध्या तासाने बाबांना फोन केला. 7 वर्षं हे पहिल्याच वाक्यात सांगितलं. नोटिशीचंही सांगितलं, काकांच्या बोर्डासकट. आई रडली नाही, तिने विचारलं, "म्हणजे आजी दवाखान्यात होती तेव्हा तू ट्रेनिंग म्हणून हैदराबादला होतीस, ते?" मी नव्हते हैदराबादला. हो म्हटलं. त्यानंतर ती बराच वेळ काही बोललीच नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. सकाळी आईचा मेसेज आला, रविवारच्या पाहुण्यांना नाही कसं सांगायचं ते तूच सांग, मी सांगणार नाही. त्या लोकांना मी स्वतः फोन करू का?

अर्धी_भाकरी
करा. आजच करा. कारण "मुलगी सध्या तयार नाही" एवढंच, बाकी काही नाही.

निवांत_काका
वडिलांनी करायला हवा तो फोन. मुलीने करणं बरं दिसत नाही.

कोर्टाबाहेरचा
आंतरजातीय लग्नाला सरकारकडून 50 हजार मिळतात, अर्ज केलात का?

रजिस्टर_वही
ते दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर. आणि तिने ते विचारलंच नाहीये हो.

पोह्यांवर_शेव
म्हणजे पोहे कॅन्सल.