सेदेरच्या ताटातील 'हरोसेत'ला मराठीत काय म्हणावे?

पाटावरवंटा: ज्यू कुटुंबांच्या पेसाह सणावरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. सणाच्या पहिल्या रात्रीच्या सेदेर या विधिवत भोजनात एक ताट मांडतात आणि त्यात हरोसेत नावाचा सफरचंद, अक्रोड, दालचिनी व वाइन यांचा वाटलेला गोड पदार्थ असतो. 'गोड चटणी' असे लिहिले तर चालेल का? त्याच ताटातील भाजलेल्या हाडालाही शब्द हवा आहे.

मोरावळा: 'चटणी' अगदी योग्य आहे. मारोर ही कडू भाजी गुलामीची आठवण आणि हरोसेत गोड असल्यामुळे स्वातंत्र्याची आठवण, असा साधा अर्थ आहे. मारोरसाठी मात्र सरळ 'मुळा' लिहा.

जुनी पोथी: स्वातंत्र्याचा गोडवा हे स्पष्टीकरण अनेक घरांत ऐकू येते, पण परंपरेतील मूळ अर्थ तो नव्हे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी योहानान म्हणतात की हरोसेत ही चिखलाची आठवण आहे, म्हणजे मिसरमध्ये इस्रायली लोकांकडून विटांसाठी जो चिखल मळवून घेतला जात असे त्याची. रब्बी लेवी मात्र सफरचंदाच्या झाडाची आठवण सांगतात, कारण फारोच्या माणसांना सुगावा लागू नये म्हणून स्त्रिया त्या झाडांखाली जाऊन बाळंत होत, अशी कथा आहे. दोन्ही मते राखण्यासाठी अबाये सांगतात की मिश्रण आंबटही हवे आणि घट्टही हवे. त्यात दालचिनीचे किंवा आल्याचे तंतू घालतात ते चिखलात कालवलेल्या पेंढ्याची खूण म्हणून. त्यामुळे भाषांतरात गोडीपेक्षा घट्टपणा आणि रंग दिसला पाहिजे. जेवताना मारोर हरोसेतमध्ये बुडवून लगेच झटकतात, कारण गोडाने कडूपणा झाकला गेला तर मारोर खाण्याचा हेतूच उरत नाही.

मारोर म्हणजे मुळाही नव्हे. तालमूदने पहिली पसंती लेट्यूसला दिली आहे. त्याची पाने आधी कोवळी लागतात आणि रोप जून झाले की कडू होतात, आणि मिसरमधील वास्तव्यही आरंभी सुखाचे व शेवटी जाचाचे झाले, असे साम्य त्यामागे आहे. युरोपच्या थंड भागात वसंताच्या आरंभी लेट्यूस मिळत नसे, म्हणून तिथे हॉर्सरॅडिशचे तिखट मूळ आले.

रेवदंडेकर: आमच्या शेजारी बेने इस्रायल कुटुंब होते. त्यांच्याकडे सफरचंद नव्हते, खजूर शिजवून केलेला दाट गोड पदार्थ असे. त्यांच्या आजी या सणाला 'अनशी धाकायचा सण' म्हणत. अनस म्हणजे आंबट पदार्थाचे भांडे, असे त्या सांगत. हा शब्द भाषांतरात घ्यावा, असे मला वाटते.

पाटावरवंटा: सुंदर शब्द आहे, पण तो सणाचा झाला. मी ताटातील पदार्थांविषयी विचारत होतो.

जुनी पोथी: खजुराची माहिती मात्र प्रश्नाला धरूनच आहे. बगदादी ज्यूंकडेही खजुराच्या दाट रसात अक्रोड घालतात आणि तो दिसायला सफरचंदाच्या मिश्रणापेक्षा पुष्कळच चिखलासारखा असतो. चटणी म्हटले की वाचकाला तोंडी लावणे आठवेल, म्हणून 'हरोसेत' तसेच ठेवून पहिल्या उल्लेखात 'चिखलाची आठवण देणारे दाट, गोड मिश्रण' असे लिहावे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे सेदेरच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती. ती पाहायला मिळाली तर तिथे कोणता शब्द योजला आहे हे अवश्य पाहा.

मोरावळा: हाडासाठी मटणाच्या दुकानातला 'नळी' हा शब्द आहेच. ते कोकरू त्या रात्री खातात ना?

जुनी पोथी: नाही. त्या हाडाला झेरोआ म्हणतात आणि ते जेरुसलेमच्या मंदिरात पेसाहला होणाऱ्या कोकराच्या बळीची आठवण आहे. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यापासून तो बळी दिला जात नाही. म्हणूनच वाचनात मात्झा ही बिनखमिराची भाकरी आणि मारोर यांचा उल्लेख येताच ते हातात उचलून दाखवतात, पण हाड उचलत नाहीत. उचलले तर आपण तोच बळी सिद्ध केला आहे, असे भासेल. झेरोआ म्हणजे बाहू, आणि देवाने 'पसरलेल्या बाहूने' सुटका केली हे वचन त्यात ऐकू येते. 'नळी'त ते हरवते. शेजारचे भाजलेले अंडे सणाच्या दुसऱ्या बळीसाठी असते. मंदिराच्या शोकाची खूण म्हणूनही त्याकडे पाहतात.

रेवदंडेकर: शाकाहारी घरात हाडाच्या जागी बीट ठेवलेले मी पाहिले आहे. ही नवी पळवाट असावी.

जुनी पोथी: तितकी नवी नाही. ताटात कोणते दोन शिजवलेले पदार्थ ठेवावेत, या तालमूदमधील चर्चेत रव हुना यांचे उत्तर बीट आणि भात असेच आहे. आज हाडाऐवजी बीट ठेवणारे त्याचाच आधार घेतात, पण पुष्कळांना हाडच हवे असते.

पाटावरवंटा: मग 'हरोसेत' आणि 'झेरोआ' तसेच ठेवतो. 'मारोर'पुढे 'कडू पाने' लिहिले तर हॉर्सरॅडिश वापरणारी घरे सुटतात आणि 'कडू भाजी' लिहिले तर कारले डोळ्यांपुढे येते. यावर कोणाला काही सुचते का?