मदत हवी आहे : ताईच्या फ्लॅटवर आईचा हक्क नाही?

नमस्कार. माझी ताई मार्चमध्ये गेली. भावजी आधीच वारलेले, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. कोथरूडचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला. आता भावजींचे धाकटे भाऊ म्हणतात, फ्लॅट आमचा.

वकिलांनी हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ दाखवलं. मुलं आणि नवरा नसतील तर स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडील त्यानंतर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई हे ऐकून गप्पच बसली. सासवडची जमीन मात्र बाबांच्या पश्चात वारसाहक्काने ताईच्या नावावर आली होती, त्यामुळे ती बाबांच्या वारसांकडे, म्हणजे आई आणि माझ्याकडे परत येईल. सोसायटीत नॉमिनी मीच आहे, पण त्याने मालकी मिळत नाही, एवढं कळलं.

माझा प्रश्न असा : फ्लॅट घेताना बाबांनी ताईला आठ लाखांचा चेक दिला होता, पासबुकात नोंद आहे. कलमात ‘वारसाने मिळालेली’ असे शब्द आहेत. हयातीत दिलेले पैसे त्यात बसत नाहीत, असं वकील म्हणतात. पुण्याच्या कोर्टात कुणी असा दावा लढवलाय का? की दिरांशी तडजोड केलेली बरी?