मदत हवी आहे: मिश्र आयबीएसमध्ये लसणाची चाचणी कशी वाचायची?

आईला (वय 46) मिश्र आयबीएस, म्हणजे आतड्याच्या कामात बिघाडाचा जुना त्रास आहे: तीन दिवस शौच खडा, मग दोन दिवस पातळ. रक्त पडणं, वजन घटणं नाही. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्तचाचणी गहू खाणं चालू असतानाच केली होती, ती निगेटिव्ह आली.

चार आठवडे लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं टाळायचं पथ्य झालं. ज्वारीची भाकरी, भात चालू. गहू, तूरडाळ, कांदा-लसूण बंद. बाजारचा हिंगही बंद, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं. पोटफुगी निम्म्यावर आली.

आता लसूण परत देऊन पाहतोय, बाकी पथ्य तसंच ठेवून. सोमवारी पाव पाकळी, मंगळवारी अर्धी, बुधवारी एक, आणि तीही भाकरीबरोबरच्या चटणीत वाटून. नुसत्या लसणाच्या तेलाने चाचणी होत नाही, कारण लसणातलं त्रास देणारं कर्बोदक, फ्रुक्टन, तेलात उतरत नाही. बुधवारी रात्री नऊला पोट डमरूसारखं, गुरुवारी सकाळी पातळ. पण डायरीत त्याआधी तीन दिवस शौचच नाही! मग हे पातळ लसणाचं, की साठलेलं सुटल्याचं?

निकाल फुगण्या-दुखण्यावरूनच धरून शौचाची नोंद बाजूला ठेवावी का? की पोट साफ झाल्यावर तीन दिवस थांबून पुन्हा अर्ध्या पाकळीपासून सुरू करावं?